हप्त्याआधीचे व्याज : शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र कसे वाचावे

१. विषय आणि उदाहरण

रायपूरच्या एनआयटीत बी.टेक.ची ट्यूशन फी सत्राला ६२,५०० म्हणजे वर्षाला सव्वा लाख रुपये आहे. त्यात वसतिगृह, खानावळ, पुस्तके आणि लॅपटॉप धरले, तर चार वर्षांसाठी आठ लाखांचे कर्ज काढणे तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या मध्यमवर्गीय मराठी घराला नवे नाही. बँकेचे मंजुरीपत्र आले की घरातल्यांची नजर आधी मंजूर रकमेवर आणि मग व्याजदरावर जाते. या दोन आकड्यांवरून शेवटी हप्ता किती येईल हे मात्र कळत नाही. ते ठरते मॉरेटोरियमच्या परिच्छेदात, म्हणजे शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर काही महिने हप्ता न घेण्याची जी मुदत बँक देते तिच्या अटींत.

या लेखात फक्त त्या परिच्छेदाचा विचार आहे. सोबत एक कल्पित उदाहरण घेतो आणि शेवटपर्यंत तेच वापरतो. मंजूर रक्कम ८ लाख, व्याजदर १० टक्के. अभ्यासक्रम १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२९. दरवर्षी १ ऑगस्टला २ लाख याप्रमाणे चार वेळा वितरण. शिक्षणानंतर एक वर्षाची सवलत आणि मग १० वर्षांची परतफेड. प्रत्यक्षात बँका बहुधा सत्रागणिक पैसे देतात आणि दरही तरता असल्याने रेपोबरोबर हलतो. पण हिशेबाची पद्धत समजण्यासाठी इतके सोपे चित्र पुरेसे आहे.

२. तीन तारखा

मंजुरीपत्रात तीन तारखा शोधाव्यात. पहिल्या वितरणाची, अभ्यासक्रम संपण्याची आणि पहिल्या हप्त्याची. अनेक पत्रांत यांतली एकही तारीख म्हणून लिहिलेली नसते. नुसते ‘मॉरेटोरियम ६० महिने’ किंवा ‘अभ्यासक्रम अधिक १२ महिने’ असे असते. अशा वेळी महिने आपण मोजून तारीख काढायची. आपल्या उदाहरणात ४८ अधिक १२ म्हणजे ६० महिने. पहिल्या वितरणापासून मोजले तर ते ३१ जुलै २०३० ला संपतात आणि पहिला हप्ता ऑगस्ट २०३० मध्ये येतो. पत्रात ५४ महिने दिसले, तर शिक्षणानंतरची सवलत सहाच महिन्यांची धरली आहे किंवा अभ्यासक्रमाची मुदत चुकीची टंकली आहे. दोहोंपैकी काय घडले हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यायचे.

भारतीय बँक संघाची नमुना शैक्षणिक कर्ज योजना सार्वजनिक बँकांच्या बहुतेक योजनांचा पाया आहे. तीत सवलत अभ्यासक्रमाची मुदत अधिक एक वर्ष अशी असून, त्यानंतर परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत देता येते. मात्र हा नमुना आहे, कायदा नाही. बँकेला त्यात बदल करता येतो आणि वित्तकंपन्यांना तर तो लागूच नाही. म्हणून ‘सगळीकडे असेच असते’ हे वाक्य या विषयात कुचकामी ठरते. आपल्या पत्रात काय लिहिले आहे, तेवढेच खरे.

३. व्याज केव्हा आणि कशावर लागते

सवलतीच्या काळात हप्ता थांबतो, व्याज चालू राहते. मात्र ते मंजूर झालेल्या ८ लाखांवर नव्हे, हातात पडलेल्या रकमेवर लागते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये बजावले आहे की कर्ज मंजूर झाल्याच्या किंवा करार झाल्याच्या दिवसापासून नव्हे, तर पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या दिवसापासूनच व्याज आकारावे. त्यामुळे पहिल्या वर्षी व्याज फक्त २ लाखांवर लागते.

आपल्या उदाहरणातल्या पहिल्या २ लाखांवर पहिल्या हप्त्यापर्यंत पाच वर्षांचे व्याज चढते. दुसऱ्यांवर चार, तिसऱ्यांवर तीन आणि चौथ्यांवर दोन वर्षांचे. दोन लाखांचे वर्षाचे व्याज २० हजार. पाच, चार, तीन आणि दोन मिळून चौदा, म्हणून एकूण व्याज २ लाख ८० हजार. शेवटचा धनादेश कॉलेजला गेल्यावरच्या दोन वर्षांत पूर्ण ८ लाखांवर दरसाल ८० हजार चढतात. म्हणजे निम्म्याहून अधिक व्याज, १ लाख ६० हजार, याच दोन वर्षांत जमते. घरी हिशेबाची वही निघते ती बहुधा पहिल्या वर्षी, आणि तेव्हा ही रक्कम किरकोळ वाटते.

१ ऑगस्ट २०३० ला हे व्याज मुद्दलात मिळवले जाते. त्या दिवसापासून कर्ज ८ लाखांचे नसून १० लाख ८० हजारांचे. दहा वर्षांचा मासिक हप्ता १४,२७२ रुपये. व्याज मिळवले गेले नसते, तर तो १०,५७२ रुपये झाला असता. महिन्याच्या या ३,७०० रुपयांचे मूळ या एका दिवसात आहे. पत्रात व्याज मुद्दलात मिळवण्याचा उल्लेख असलेले वाक्य शोधून त्याखाली रेघ ओढावी.

४. सरळव्याज की चक्रवाढ

बँक संघाच्या नमुन्यात परतफेड सुरू होईपर्यंत व्याज सरळ पद्धतीने आकारायचे आहे. वरचा २ लाख ८० हजारांचा हिशेब त्याच गृहीतकावर उभा आहे. पण काही पत्रांत, विशेषतः वित्तकंपन्यांच्या, दरमहा व्याज आकारून ते लगेच मुद्दलात मिळवण्याची अट असते. त्या पद्धतीने १ ऑगस्ट २०३० ला येणे ११ लाख ४० हजारांच्या वर जाते. सरळव्याजाच्या मानाने सुमारे ६० हजार जास्त आणि हप्ता १५,०७४ रुपये. दोन्ही पत्रांवर व्याजदर मात्र १० टक्केच छापलेला असतो.

पत्रावरून उलगडा झाला नाही, तर खात्याच्या उताऱ्यावरून होतो. सरळव्याजाच्या खात्यातही बँक दरमहा व्याज नावे टाकते आणि एकूण येणे वाढत जाते. म्हणून येणे वाढले म्हणजे चक्रवाढ झाली, असे नाही. दोन सारख्या दिवसांच्या महिन्यांची तुलना करायची. ऑगस्ट आणि ऑक्टोबर दोन्ही ३१ दिवसांचे. मधल्या काळात नवे वितरण झाले नसेल आणि दर बदलला नसेल, तर सरळव्याजाच्या खात्यात दोन्ही महिन्यांचे व्याज तेच असले पाहिजे : २ लाखांवर १,६९८ रुपये ६३ पैसे. चक्रवाढ चालू असेल, तर ऑक्टोबरची नोंद १,७२७ रुपये १४ पैसे दिसेल, कारण ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या व्याजावरही व्याज लागलेले असेल. साडेअठ्ठावीस रुपयांचा हा फरक पाच वर्षांत आणि चार वितरणांवर ६० हजारांचा होतो. तो तिसऱ्या महिन्यातच दिसतो, आणि मंजुरीपत्रात सरळव्याज लिहिलेले असेल तर तिथेच दुरुस्त करून घेता येतो.

सही करण्यापूर्वी पाहण्याजोगा आणखी एक कागद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जासाठी बँकेने किंवा वित्तकंपनीने की फॅक्ट स्टेटमेंट देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व आकार धरून येणारा वार्षिक दर आणि परतफेडीचे वेळापत्रक असते. त्यात न दाखवलेला आकार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. त्यातल्या वेळापत्रकात पहिल्या हप्त्याच्या आदल्या दिवशीचे येणे १० लाख ८० हजार आहे की ११ लाख ४० हजार, एवढे पाहिले तरी प्रश्न सुटतो.

५. शिकत असताना व्याज भरावे का

‘जमेल तर व्याज भरत राहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो कधी फायद्याचा असतो, कधी निरर्थक. हे पत्रातल्या अटीवर ठरते.

पहिला प्रकार चक्रवाढीचा. इथे दरमहा व्याज भरणे निःसंशय फायद्याचे, कारण न भरलेल्या प्रत्येक रुपयावर पुढच्याच महिन्यापासून १० टक्के लागतात.

दुसरा प्रकार सरळव्याजाचा, आणि भरल्याबद्दल कोणतीही सूट नसलेला. इथे दरमहा भरून काहीच वाचत नाही. २ लाख ८० हजार पाच वर्षांत थोडे थोडे भरले काय किंवा जुलै २०३० मध्ये एकदम भरले काय, बँकेला मिळणारी रक्कम तीच. तेवढ्या काळात तेच पैसे आवर्ती ठेवीत ठेवले, तर त्यावरचे व्याज आपल्याला मिळते. अट एकच : ३१ जुलै २०३० च्या आत ते बँकेत भरायचे आणि ‘ही रक्कम साचलेल्या व्याजापोटी जमा करावी’ असे लेखी द्यायचे. एक दिवस उशीर झाला, तर ते व्याज मुद्दल झालेले असते.

तिसरा प्रकार सवलतीचा. शिक्षण आणि सवलतीच्या काळात व्याज नियमित भरल्यास दरात एक टक्का सूट द्यावी, अशी तरतूद नमुना योजनेत आहे आणि कित्येक बँका ती देतात. आपल्या उदाहरणात ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षी दरमहा १,५००, दुसऱ्या वर्षी ३,०००, तिसऱ्या वर्षी ४,५०० आणि शेवटची दोन वर्षे ६,००० रुपये भरावे लागतात. एकूण २ लाख ५२ हजार. म्हणजे २८ हजारांची बचत दिसते. पण हेच हप्ते ६ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर जुलै २०३० मध्ये सुमारे २ लाख ८२ हजार होतात आणि साचलेले २ लाख ८० हजार त्यातून फिटतात. दोन्ही मार्ग जवळजवळ बरोबरीत सुटतात. ठेवीच्या व्याजावर आयकर लागत असेल, तर तराजू बँकेत भरण्याकडे किंचित झुकतो.

बरोबरी मोडते ती एका तपशिलावर : एक टक्क्याची सूट फक्त सवलतीच्या काळापुरती आहे की कर्ज फिटेपर्यंत? ती पूर्ण मुदतीसाठी असेल, तर ८ लाखांवर ९ टक्क्यांचा हप्ता १०,१३४ रुपये पडतो. दरमहा ४३८ रुपये म्हणजे दहा वर्षांत ५२ हजारांहून अधिक वाचतात. त्या स्थितीत दरमहा व्याज भरण्याचा मार्ग निर्विवाद सरस. पत्रात मुदतीचा उल्लेख नसेल, तर शाखेला ईमेल करून उत्तर लेखी घ्यावे. काऊंटरवर मिळालेले तोंडी उत्तर पाच वर्षांनी कोणी मानत नाही, कारण तोवर शाखेतली माणसे बदललेली असतात.

इथे आयकराचा धागाही जोडलेला आहे. जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या भरलेल्या व्याजाची वजावट ८० ई कलमाने मिळत आली. ती पहिल्यांदा व्याज भरले त्या वर्षापासून लागोपाठ आठ वर्षेच मिळते. वडील सहकर्जदार आहेत आणि पहिल्या वर्षी नाममात्र व्याज भरतात, तर त्यांच्या आठ वर्षांची मोजणी तेव्हाच सुरू होते. मग पुढची, भरघोस व्याज जाणारी काही वर्षे त्यांच्या वजावटीबाहेर राहू शकतात. नव्या करपद्धतीत ही वजावटच नाही, म्हणून तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नये.

६. व्याज सरकार भरणार असेल तर

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर मागच्या प्रकरणातला बराचसा काथ्याकूट गैरलागू ठरतो. केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना मान्यताप्राप्त संस्थांतल्या तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळातले पूर्ण व्याज भरते. आपल्या उदाहरणात २ लाख ८० हजार सरकारकडून येतात आणि हप्ता १०,५७२ वर राहतो. ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, इतर कोणतीही सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्याला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज अनुदान मिळते. केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्था त्या योजनेत येतात, म्हणून एनआयटीचा विद्यार्थी पात्र ठरू शकतो. त्याला ८४ हजारांचे अनुदान मिळेल, साचलेले व्याज १ लाख ९६ हजार उरेल आणि हप्ता १३,१६२ रुपये येईल.

छत्तीसगड शासनाची मुख्यमंत्री उच्च शिक्षा ऋण ब्याज अनुदान योजना वेगळ्या टप्प्यावर काम करते. तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणासाठी, वार्षिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना, चार लाखांपर्यंतच्या कर्जावर ती लागू होते, आणि तिचा भर मॉरेटोरियम संपल्यानंतर हप्ते नियमित भरण्यावर आहे. एक योजना हप्त्याआधीचे व्याज उचलते, दुसरी हप्त्यातले.

बिघाड होतो तो वेळापत्रकात. अनुदान बँकेच्या दाव्यानंतर येते, आणि तोवर खात्यात व्याज नावे पडत राहते. पहिल्या हप्त्याच्या तारखेपर्यंत अनुदान जमा झाले नाही, तर संगणक साचलेले सगळे व्याज मुद्दलात मिळवून मोठा हप्ता बसवतो. उताऱ्यात अनुदानाच्या नावाने जमेची नोंद आहे की नाही, हे दरवर्षी पाहावे. नसेल तर उत्पन्नाचा दाखला आणि अर्जाची पोच जोडून शाखेला पत्र द्यावे. मध्येच अभ्यासक्रम सोडला किंवा संस्थेने काढून टाकले, तर केंद्राचे अनुदान जाते. वैद्यकीय कारण मात्र अपवाद आहे. शिवाय ते पदवी किंवा पदव्युत्तर यांपैकी एकाच शिक्षणासाठी, एकदाच मिळते.

७. परतफेड कोणत्या दिवशी सुरू होते

पत्रांत याबाबत मुख्यतः तीन तऱ्हा आढळतात. पहिली, अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने. दुसरी, अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, यांत जे आधी येईल तेव्हा. तिसरी, मुद्दलाला सवलत आहे पण व्याज पहिल्या महिन्यापासून, पूर्ण किंवा अंशतः, भरायचे आहे.

दुसऱ्या तऱ्हेत कॅम्पसमधून नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्याची सवलत आक्रसते. ३१ जुलै २०२९ ला रुजू झाला, तर पहिला हप्ता फेब्रुवारी २०३० मध्ये. ही अट भीतिदायक वाटते, पण हिशेब तिच्याविरुद्ध जात नाही. व्याज २ लाख ८० हजारांऐवजी २ लाख ४० हजार साचते आणि हप्ता १३,७४४ रुपयांवर येतो. म्हणून पगार सुरू झाला असेल, तर पूर्ण वर्षाची सवलत हातात असूनही परतफेड आधी सुरू करण्यात शहाणपण आहे.

तिसरी तऱ्हा खरी जपण्याची. पहिल्या दोन तऱ्हांत सवलतीच्या काळात न भरलेले व्याज थकीत धरले जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार असे व्याज सवलत संपल्यावरच देय होते. तिसऱ्या तऱ्हेत मात्र पंधराशे रुपयांचे व्याज चुकले, तरी तो चुकलेला हप्ताच. त्याची नोंद विद्यार्थी आणि सहकर्जदार वडील किंवा आई या दोघांच्याही पतइतिहासात होते, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त थकल्यास खाते अनुत्पादक ठरते. ‘मॉरेटोरियम’ हा शब्द तिन्ही तऱ्हांच्या पत्रांत असतो. तो मुद्दलापुरता आहे की व्याजालाही लागू आहे, हे वाचून ठरवायचे.

अभ्यासक्रम लांबला तर काय? विषय राहिल्याने पदवी एक वर्षाने पुढे गेली, तरी बँकेच्या संगणकाला त्याची खबर नसते. तो ऑगस्ट २०३० मध्येच हप्ता मागतो. नमुना योजनेत अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देता येते, पण ती आपोआप मिळत नाही. कॉलेजचे प्रमाणपत्र जोडून, तारीख उलटण्याआधी अर्ज करावा लागतो. मुदतवाढ फुकटही नसते. पूर्ण ८ लाखांवर आणखी एक वर्ष म्हणजे ८० हजार. येणे ११ लाख ६० हजार आणि हप्ता १५,३२९ रुपये. पुढे बेकारीच्या काळात पुन्हा सवलत देण्याची मुभाही त्या नमुन्यात आहे, पण ती बँकेच्या मर्जीवर अवलंबून आहे, हक्क नाही.

शेवटचा मुद्दा एकूण मुदतीचा. ‘१८० महिने’ असे लिहिलेले असेल, तर त्यात सवलतीचे ६० महिने धरले आहेत का, ते पाहावे. धरले असतील तर परतफेडीला १२० महिनेच उरतात आणि हप्ता १४,२७२ येतो. धरले नसतील तर तो ११,६०६ पर्यंत उतरतो, पण आणखी पाच वर्षे व्याज जात राहते. लांब मुदत घेतली, तरी हात सैल होताच जास्तीचे पैसे भरता येतात. तरत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही.

८. निष्कर्ष

या कर्जाचा भार ठरवणारी गोष्ट व्याजदराइतकीच व्याज मुद्दलात मिळवण्याची तारीख आणि पद्धत ही आहे. एकाच १० टक्क्यांवर, एकाच ८ लाखांवर, मासिक हप्ता १०,५७२ पासून १५,३२९ पर्यंत कुठेही पडू शकतो, आणि फरक सगळा मॉरेटोरियमच्या परिच्छेदातून येतो. म्हणून सही करण्यापूर्वी शाखेला पाच प्रश्न लेखी विचारावेत. पहिला हप्ता कोणत्या तारखेला? तोवरचे व्याज सरळ की चक्रवाढ? ते मुद्दलात कोणत्या दिवशी मिळवणार? व्याज आधी भरल्यास एक टक्का सूट आहे का, आणि किती काळ? एकूण मुदतीत मॉरेटोरियम धरला आहे का? उत्तरे मंजुरीपत्रासोबत एकाच फाइलमध्ये ठेवावीत. पुढे आकारणी त्यांच्याशी जुळली नाही, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे ऐकले जाते ते कागद हातात असलेल्याचे.